भांडवल पर्याप्तता: वाद वरच्या आकड्याचा, खोट खालच्या आकड्यात

बँकांच्या भांडवलाची अट कडक करण्याचा विषय निघाला की दोन ठरलेले पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, एवढा पैसा बँकांनी नुसता बाजूला काढून ठेवायचा, तर उद्योगांना आणि घर घेणाऱ्यांना कर्ज द्यायचं कशातून? दुसरा पक्ष ताळेबंदातला टक्क्यांचा आकडा पुढे करतो. आमच्या बँकेचं भांडवल पर्याप्तता प्रमाण पंधरा टक्के आहे, नियमाने आठ लागतात, मग काळजी कसली? गंमत अशी की दोघांचं भांडण तावातावाने चालतं आणि दोघांच्याही मुळातल्या समजुतीत चूक असते. पहिल्याला भांडवल म्हणजे तिजोरीत कुलूपबंद ठेवलेली रोकड वाटते. दुसऱ्याला भागाकाराचं उत्तर म्हणजेच सुरक्षितता वाटते. माझं म्हणणं असं: भांडवलाची अट सध्याहून कडक असायला हवी, पण नुसता टक्का वाढवून फारसं साधणार नाही. हा टक्का ज्या संख्येने भागून काढतात, ती जोखीम-भारित मालमत्ता, म्हणजे धोक्यानुसार कमी-जास्त मोजलेली मालमत्ता, हीच या सगळ्या व्यवस्थेची सर्वात कमकुवत जागा आहे. त्या संख्येला खालून टेकू दिल्याशिवाय वरचा टक्का कितीही केला तरी तो कागदावरच राहील.

आधी पहिल्या पक्षाची समजूत पाहू, कारण ती फार पसरलेली आहे. ताळेबंदाला दोन बाजू असतात. पैसा कुठे लावला आहे ते एका बाजूला: कर्जं, सरकारी रोखे, रोकड. तो पैसा कोणाचा आहे ते दुसऱ्या बाजूला: ठेवीदारांचा, बँकेला उसने देणाऱ्यांचा आणि मालकांचा, म्हणजे भागधारकांचा. भांडवल ही दुसऱ्या बाजूची गोष्ट आहे. ठेवीदाराला त्याचा पैसा मागेल तेव्हा किंवा मुदतीला पूर्ण परत द्यावाच लागतो. भागधारकाला तसं वचन कोणी दिलेलं नसतं. सगळ्यांची देणी भागल्यावर उरेल ते त्याचं. म्हणून कर्ज बुडालं की तोटा आधी त्याच्या वाट्यातून वजा होतो. हा वाटा कर्जात गुंतवायला कसलीही बंदी नाही आणि तो गुंतवलेलाच असतो. ठेवींतला काही भाग रोख स्वरूपात बाजूला ठेवण्याचे नियम असतात हे खरं, पण ते नियम वेगळे, त्यांचा हेतू वेगळा. भांडवलाची अट एवढंच सांगते की कर्जाच्या प्रत्येक शंभरामागे अमुक इतके उसने नसावेत, मालकांचे असावेत. ज्यांना यात पैसा ‘अडकलेला’ दिसतो त्यांनी तो नेमका कुठल्या कपाटात अडकला आहे ते दाखवावं.

आता हा वाटा तोटा पचवतो म्हणजे काय करतो, ते एका कल्पित बँकेवर पाहू. बँकेची एकूण मालमत्ता १,००० कोटी. त्यात २५० कोटी रोकड आणि सरकारी रोखे, ३०० कोटी गृहकर्जं आणि ४५० कोटी उद्योगांना दिलेली कर्जं. दुसऱ्या बाजूला ९४० कोटींच्या ठेवी आणि उसनवारी, आणि ६० कोटी भांडवल. नियम असा की सगळी मालमत्ता सारखी धोक्याची नसते, म्हणून प्रत्येक प्रकाराला एक भार लावायचा. बँकांच्या भांडवलाबद्दलच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय बासेल करारात ठरलेले सोपे भार घेऊ: रोकड आणि सरकारी रोख्यांना शून्य, गृहकर्जाला ५० टक्के, उद्योगांच्या कर्जाला १०० टक्के. मग गृहकर्जांचे १५० कोटी आणि उद्योगकर्जांचे पूर्ण ४५० कोटी मिळून जोखीम-भारित मालमत्ता झाली ६०० कोटी. साठ भागिले सहाशे, म्हणजे दहा टक्के. किमान लागतात आठ. बँक सुस्थितीत.

समजा मंदी आली आणि उद्योगांची ६० कोटींची कर्जं थकली. तारण विकून चाळीस टक्के हाती येतील असा अंदाज धरला, तर ३६ कोटी बुडाले. हा घाव पहिल्यांदा झेलते ती वर्षाची कमाई. व्याजातून खर्च वजा जाता बँकेला १२ कोटी मिळाले असतील तर तेवढे त्यात जातील. दरवर्षी थोडी कर्जं बुडणारच हे गृहीत धरूनच व्याजदर लावलेला असतो आणि त्यासाठी तरतूदही केलेली असते. अंदाजापलीकडचं जे बुडतं, ते भांडवलावर येतं. इथे उरलेले २४ कोटी भांडवलातून गेले आणि साठाचे छत्तीस राहिले. ठेवीदारांच्या ९४० कोटींतला एक पैसाही गेला नाही, बँकेचं दार रोज वेळेवर उघडतं आहे. तोटा पचवणं म्हणतात ते हेच.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि वाद घालणारे नेमके इथेच थांबतात. थकलेल्या कर्जांची पुस्तकी किंमत आता २४ कोटी आहे. त्यांनाही शंभराचाच भार धरला तर जोखीम-भारित मालमत्ता ५६४ कोटी होते (नियामक अशा कर्जांना जास्तही भार लावू शकतो). छत्तीस भागिले ५६४ म्हणजे जेमतेम ६.४ टक्के. बँक आठाच्या खाली आली. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, भागधारकांकडून सुमारे ९ कोटी नवं भांडवल आणायचं. दुसरी, भांडवल तेवढंच ठेवून छेद कमी करायचा. छत्तीस कोटी हे आठ टक्के ठरायला छेद ४५० कोटी हवा, म्हणजे ११४ कोटींची उद्योगकर्जं परत घ्यायची, नवी द्यायची नाहीत, आणि त्या पैशातून शून्य भाराचे सरकारी रोखे घ्यायचे. नऊ कोटी आणा किंवा ११४ कोटींची कर्जं आटवा. व्यवस्थापन बहुतेक वेळा काय निवडतं? दुसरी वाट. कारण जखमी बँकेचा शेअर पडलेला असतो, त्या भावात नवे शेअर काढले तर जुन्या भागधारकांचा हिस्सा घटतो, आणि नव्याने आलेल्या पैशाचा मोठा लाभ ठेवीदारांना आणि धनकोंना होतो. मालक स्वतःच्या खिशाला हात घालत नाहीत आणि चांगल्या चाललेल्या कारखान्याचं खेळतं भांडवल मात्र ऐन मंदीत काढून घेतलं जातं.

भांडवलामुळे कर्जपुरवठा आटतो, या तक्रारीचं उत्तर मला इथेच दिसतं. कर्जपुरवठा आटला तो भांडवल जास्त होतं म्हणून, की कमी पडलं म्हणून? त्याच बँकेकडे सुरुवातीला साठाऐवजी नव्वद कोटी असते, तर चोवीस गेल्यावरही सहासष्ट उरले असते, प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर राहिलं असतं आणि एकाही चांगल्या कर्जदाराला नोटीस गेली नसती. मंदीत कर्ज देत राहण्याची ताकद सुबत्तेच्या वर्षांत कमवावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी कोणाला पुरणार?

आता त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहा. दुसऱ्या वाटेने गेलेल्या बँकेचं प्रमाण ६.४ वरून ८ झालं, पण भांडवलात एका पैशाची भर पडलेली नाही. तिची एकूण मालमत्ता तोट्यानंतर ९७६ कोटी होती, अदलाबदलीनंतरही ९७६ कोटीच आहे. भांडवलाला साध्या एकूण मालमत्तेने भागलं तर येतात ३.७ टक्के. शिवाय तिच्याकडे आता रोकड आणि रोखे मिळून ३७६ कोटी आहेत. त्यातले ३०० कोटी रोखे धरले आणि त्यांची किंमत बारा टक्क्यांनी कायमची गेली, तर ३६ कोटींचं सगळं भांडवल संपलं. आणि या रोख्यांपोटी पतजोखमीसाठी नियमाने मागितलेलं भांडवल किती? शून्य.

इथे प्रतिपक्षाचा सर्वात भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. भार लावणं ही मूर्खपणाची कल्पना नाही. ती अनुभवातून आलेली आहे. अमेरिकी नियामकांनी १९८१ मध्ये बँकांना भांडवलाचं किमान प्रमाण घालून दिलं ते साध्या एकूण मालमत्तेशी. सरकारी रोखा आणि बुडण्याच्या बेतात असलेल्या परदेशी सरकारचं कर्ज, दोन्हीला सारखंच भांडवल. मग बँकांना जे सुचायचं तेच सुचलं. कमी व्याजाची सुरक्षित मालमत्ता बाळगणं महाग ठरू लागलं, आणि हमीपत्रांसारखे ताळेबंदाबाहेर राहणारे व्यवहार फुगू लागले, कारण मोजणीत ते येतच नव्हते. साध्या प्रमाणाने बँकांना धोक्याकडे ढकललं. त्याआधी १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीतली हेरश्टाट बँक बुडाली, तिचे धक्के देशाबाहेर बसले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यवर्ती बँकांची बासेल समिती उभी राहिली. १९८८ चा करार हे तिचं अपत्य. जोखीम पाहून भांडवल मागायचं आणि ताळेबंदाबाहेरचंही मोजायचं, या दोन्ही गोष्टी त्याने आणल्या. आठ टक्के हा आकडा मात्र कोणत्या सूत्रातून निघालेला नव्हता. वाटाघाटीत सर्वांना पचेल असा तो ठरला. हे एकदा ध्यानात ठेवलं की ‘शास्त्रीय किमान’ वगैरे शब्दांचा दबदबा जरा कमी होतो.

म्हणजे भार हवेत. वाद आहे तो ते भार कोण ठरवतं आणि किती खाली जाऊ देतं, यावर. शून्य भार म्हणजे ‘धोका कमी’ असं विधान नव्हे. ‘इथे तोटा होऊच शकत नाही’ असं ते विधान आहे. सायप्रसच्या दोन मोठ्या बँकांनी ग्रीसचे सरकारी रोखे भरपूर घेतले होते. युरोपीय नियमांत युरो क्षेत्रातल्या सरकारच्या युरोमधल्या रोख्यांना शून्य भार चालत होता. रोख्यांवरचं व्याज चढत गेलं होतं, म्हणजे बाजार धोका ओरडून सांगत होता. नियम शून्यच म्हणत होता. मार्च २०१२ मध्ये ग्रीसच्या कर्जाची फेररचना झाली आणि खासगी धनकोंना दर्शनी किमतीच्या ५३.५ टक्क्यांवर पाणी सोडावं लागलं. प्रत्यक्ष नुकसान त्याहून मोठं होतं, कारण उरलेल्या रकमेपोटी मिळालेले नवे रोखेही स्वस्तच होते. या दोन बँकांचे चार अब्ज युरोंहून अधिक त्यात गेले, ग्रीसमध्ये वाटलेली कर्जंही थकू लागली आणि भांडवल पुरलं नाही. मार्च २०१३ मध्ये त्यांतली एक बंद करण्यात आली. दुसरीत, बँक ऑफ सायप्रसमध्ये, एक लाख युरोंवरच्या ठेवींतला ४७.५ टक्के भाग शेवटी शेअरमध्ये बदलला गेला. काल ठेवीदार होते ते आज न मागता भागधारक झाले. मालकांचा वाटा संपतो तेव्हा तोटा हवेत विरत नाही, तो पुढच्या माणसाकडे जातो. रांगेत पुढे कोण उभं आहे, एवढाच प्रश्न असतो.

शून्य भार निदान उघड तरी असतो. त्याहून अवघड प्रकरण २००४ च्या दुसऱ्या बासेल कराराने आणलं. मोठ्या बँकांना आपल्याच मागच्या नोंदींवरून, आपल्याच गणिती प्रारूपांनी भार काढायची मुभा मिळाली. युक्तिवाद वरवर बिनतोड होता. स्वतःच्या कर्जदारांना बँक जितकं ओळखते तितकं कोण ओळखणार? बरोबर आहे. पण ज्याला कमी भाराचा फायदा आहे त्यानेच भार मोजायचा, यात परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासण्याचा दोष आहे. आणि प्रामाणिक बँकेचीही अडचण होते, कारण तिच्या नोंदी मागच्या काही वर्षांच्या असतात. ती वर्षं भरभराटीची असतील तर थकबाकी कमी दिसते, म्हणून भार कमी निघतो. धोका साचत जातो त्या काळातच तो कागदावर सर्वात लहान दिसतो.

ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेचं उदाहरण मी यासाठी पुन्हा पुन्हा देतो, कारण त्यात ही यंत्रणा उघडी पडते. बँकेचा धंदा मुख्यतः गृहकर्जाचा. २००७ च्या मध्याला एकूण मालमत्ता सुमारे ११३ अब्ज पौंड. जून २००७ च्या अखेरीस नियामकाने तिला स्वतःची प्रारूपं वापरायची परवानगी दिली. गृहकर्जांचा भार ५० टक्क्यांवरून १५ च्या आसपास आला, आणि जोखीम-भारित मालमत्ता जुन्या पद्धतीच्या सुमारे ३४ अब्जांऐवजी सुमारे १९ अब्ज दिसू लागली. कर्जं तीच, कर्जदार तेच, घरं तीच. भांडवल मात्र एकदम ‘जादा’ झालं. या जादा भांडवलाचं बँकेने काय करावं? २५ जुलैला तिने अंतरिम लाभांश ३० टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं. १४ सप्टेंबरला तिच्या शाखांबाहेर ठेवी काढायला रांगा लागल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या वर्षी तिने सुमारे १.४ अब्ज पौंडांचा तोटा दाखवला.

कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की नॉर्दर्न रॉक बुडत्या कर्जांनी कोसळली नाही. ती बाजारातून अल्प मुदतीचा पैसा उचलून दीर्घ मुदतीची कर्जं देत होती. ऑगस्टमध्ये तो बाजार गोठला आणि तिचा श्वास कोंडला. खरं आहे. भांडवल हे रोख टंचाईवरचं औषध नाही. त्यासाठी वेगळे नियम लागतात आणि ते पुढे आलेही. पण अशा टंचाईत उसने देणारा पहिला प्रश्न काय विचारतो? या बँकेची कर्जं बुडाली तर माझ्याआधी तोटा सोसायला कोण आहे आणि किती? त्या प्रश्नाचं उत्तर नॉर्दर्न रॉकने जुलैमध्ये वाटून टाकायला घेतलं होतं.

छेदाबद्दल एवढं बोललो म्हणून अंश स्वच्छ असतो असं कोणी समजू नये. तिथेही नाव भांडवलाचं आणि आत वेगळंच, असं होऊ शकतं. जपानमध्ये १९९० च्या दशकात मालमत्तेचा फुगा फुटल्यावर बँकांकडे थकीत कर्जांचे ढीग होते. ती बुडीत दाखवली तर भांडवल जाणार, म्हणून जुन्याच्या व्याजाला नवं कर्ज देऊन कर्जदार जिवंत ठेवले गेले. जी बुडीत दाखवली गेली, त्यांच्यातूनही एक चमत्कारिक मालमत्ता तयार झाली. आजच्या तोट्यामुळे पुढे कर वाचेल, ती पुढची बचत आजच ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरायची आणि भांडवलात मोजायची. कर कधी वाचणार? बँकेला नफा झाला तर. म्हणजे ज्या दिवशी गरज नाही त्या दिवशीच हे भांडवल खरं. २००३ मध्ये रेसोना बँकेच्या लेखापरीक्षकांनी पाच वर्षांच्या नफ्याचा हा अंदाज मान्य करायला नकार दिला आणि तीन वर्षांचाच धरला. एवढ्या एका फेरफाराने बँकेचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं, किमान लागत होतं ४. सरकारला जवळपास २ लाख कोटी येन ओतावे लागले. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? तिसऱ्या बासेल करारात शुद्ध भागभांडवलाची स्वतंत्र अट आली, जोखीम-भारित मालमत्तेच्या ४.५ टक्के आणि वर २.५ टक्क्यांचा थर, आणि असल्या कर-मालमत्ता भांडवलातून बऱ्याच अंशी वजा होऊ लागल्या. माझ्या मते तो त्या करारातला सर्वात शहाणपणाचा भाग आहे.

राहिला महागाईचा आक्षेप. भागधारकाला ठेवीदारापेक्षा जास्त परतावा लागतो, म्हणून मालकांचा वाटा वाढला की कर्जाचा दर वाढणार, असं म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे. बऱ्याच देशांत व्याज हा खर्च धरून करातून वजा होतं, लाभांश होत नाही. त्यामुळे उसना पैसा स्वस्त पडतो. पण भागधारक जास्त परतावा मागतो तो कशापायी? जोखमीपायी. शंभरात मालकांचे चार असतील तर चाराच्या तोट्यात तो साफ होतो. दहा असतील तर तोच तोटा त्याला निम्म्याहून कमी लागतो. धोका कमी झाल्यावरही त्याने जुनाच परतावा मागावा हे तर्काला धरून नाही. उसना पैसा एवढा स्वस्त का, हेही विचारायला हवं. ठेवींना विमा असतो आणि मोठी बँक बुडू दिली जाणार नाही अशी सर्वांची खात्री असते. ती स्वस्ताई बँकेच्या कर्तबगारीची नाही. तिचं बिल करदात्याच्या नावे फाटतं.

ही किंमत एकेकाळी मालक स्वतः किती भरत होते, हे पाहण्यासारखं आहे. स्कॉटलंडमधली सिटी ऑफ ग्लासगो बँक ऑक्टोबर १८७८ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. शंभर पौंडांच्या प्रत्येक शेअरमागे त्यांच्याकडून २,७५० पौंड मागितले गेले. १,८१९ भागधारकांपैकी २५४ जण तेवढे दिवाळखोरीतून वाचले. ठेवीदारांना पैसे मिळाले, पण शेअर बाळगणारी कित्येक घरं धुळीला मिळाली. ती पद्धत निर्दय होती आणि ती गेली हे उत्तम झालं. पण ती गेली तेव्हा एक सौदा झाला: मालकाचं घरदार सुरक्षित राहील, त्याने बँकेत घातला तेवढाच पैसा जाईल. मग तो घातलेला पैसा तरी पुरेसा असावा, ही मागणी जाचक कशी?

मंदीत आणखी भांडवल मागितलं तर बँका आकसतात, ही अडचण मात्र खरी आहे आणि तिचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. चांगल्या काळात जादा थर साठवायचा आणि वाईट काळात तो वापरू द्यायचा, ही कल्पना बरोबर वाटते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनने असा १ टक्क्याचा थर शून्यावर आणला. तरी थर खुला केला म्हणून बँका तो वापरतीलच असं नाही. आपला टक्का शेजारच्या बँकेपेक्षा खाली दिसू नये ही धास्ती त्यांना असते. माझ्या दृष्टीने यावर त्यातल्या त्यात परिणामकारक उपाय लाभांश वेळेवर रोखण्याचा आहे. तोटे दिसू लागल्यावर बाहेर जाणारा पैसा आधी थांबवा, कर्जं नंतर. २.५ टक्क्यांच्या थरात उतरलेल्या बँकेचा लाभांश टप्प्याटप्प्याने रोखण्याची तरतूद नियमात आहे. तो हात पुरेसा लवकर पडत नाही, हे माझं गाऱ्हाणं.

छेदाला टेकू देण्यासाठी दोन गोष्टी आधीच हाताशी आहेत. एक, साधं प्रमाण: भांडवलाला एकूण मालमत्तेने, ताळेबंदाबाहेरच्या व्यवहारांसह, भागून किमान ३ टक्के. दुसरी, डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेली मर्यादा: बँकेच्या प्रारूपातून निघणारी जोखीम-भारित मालमत्ता नियमाने सर्वांना सारख्या ठरवून दिलेल्या भारांनी येणाऱ्या आकड्याच्या ७२.५ टक्क्यांखाली जाऊ नये. दोन्हींची दिशा योग्य आहे. पहिलीचा आकडा फार लहान आहे; शंभरात तीन म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घायाळ बँकेहूनही कमी. तो पाच-सहाच्या घरात असावा, आणि भारांवर आधारलेलं प्रमाण त्याच्या जोडीला राहावं. एकटं साधं प्रमाण बँकेला धोक्याकडे ढकलतं हे १९८१ ने दाखवलं, एकटे भार तिला शून्याकडे ढकलतात हे सायप्रसने. दोन्ही एकाच वेळी लागू असली तर एकातून निसटणारी बँक दुसऱ्यात अडकते. आणि सरकारी रोख्यांचा भार शून्य नसावा. अगदी थोडा असला तरी चालेल, पण एकाच सरकारचे रोखे अमुक प्रमाणाबाहेर गेले की तो वाढावा. यावर सरकारं खूश होणार नाहीत, कारण त्या शून्यामुळे त्यांना कर्ज स्वस्तात मिळतं. हा भार इतकी वर्षं शून्यावर टिकून आहे त्याचं एक मोठं कारण तेच आहे.

तोवर वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला एक भागाकार स्वतः करता येतो. जोखीम-भारित मालमत्तेला एकूण मालमत्तेने भागायचं आणि पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. आपल्या कल्पित बँकेत हा आकडा सुरुवातीला ६० टक्के होता आणि अदलाबदलीनंतर ४६. आकडा घसरत असेल तर कर्जांच्या तक्त्यात पाहायचं. उद्योगकर्जं कमी होऊन रोखे वाढले असतील तर कारण तिथेच सापडेल, ते पटो न पटो. पण कर्जांची मिसळण तीच, कर्जवाटप जोरात, आणि तरीही हा आकडा खाली येत असेल, तर जोखमीच्या प्रकरणात ‘प्रारूपातील बदल’ अशा मथळ्याखाली एखादी ओळ असते. ती शोधायची, त्या वर्षी लाभांश किती वाढला ते पाहायचं, आणि मग भागधारकांच्या सभेत उठून विचारायचं की हे जादा भांडवल नेमकं कुठल्या कर्जदाराने मिळवून दिलं.